मार्गारिटा कडू आणि घशाला लागणारी का होते?

रानवारा
मागच्या शनिवारी घरी मित्रमंडळींसाठी मार्गारिटा केल्या. प्रमाण सगळीकडे सांगतात तेच घेतलं: दोन भाग टकीला, एक भाग ट्रिपल सेक म्हणजे संत्र्याची लिकर, एक भाग लिंबाचा रस. पहिला घोट आंबट-खारट, बरा लागला. पण लगेच जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा आला, घशात जळजळ झाली आणि ओठांवर गोडाचा चिकटपणा राहिला. साखर वाढवली तर सरबत झालं, लिंबू वाढवलं तर कडूपणा जास्तच जाणवला.

साहित्य असं होतं: सोनेरी रंगाची टकीला, पुण्यातल्याच एका दुकानातून आणलेली. लेबलवर नुसतंच 'टकीला' लिहिलंय. ट्रिपल सेक २० टक्के अल्कोहोलची. कागदी लिंबाचा रस आदल्या रात्री काढून फ्रीजमध्ये ठेवला होता. काठाला घरातलं रोजचं बारीक मीठ. सगळं एकदम बदलणं परवडणार नाही. आधी काय बदलू?

आबा_नाशिक
प्रमाण बरोबर आहे तुमचं. माझ्या मते मीठ कमी पडलं. मेक्सिकोत टकीलाबरोबर मीठ-लिंबू देतात ते तिची जळजळ मारायलाच. सगळ्या काठाला जाड थर लावा. आणि सोनेरी टकीला म्हणजे लाकडाच्या पिंपात मुरलेली, ती पांढरीपेक्षा चांगलीच असते, त्यामुळे बाटलीवर शंका घेऊ नका.

पणजीकर
आबा, मिठाबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे, त्यावर खाली लिहितो. रंगाबद्दल मात्र नाही. मी बरीच वर्षं बारमागे उभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रानवारा, 'गोल्ड' म्हणून मिळणारी बहुतेक स्वस्त टकीला ही मुरलेली नसते, तिला कॅरॅमलने रंग दिलेला असतो. मुरलेलीवर 'रेपोसादो' किंवा 'अन्येहो' असं लिहिलेलं सापडतं. रेपोसादो किमान दोन महिने लाकडात असते, अन्येहो किमान एक वर्ष. त्याहून महत्त्वाची, टकीला ज्या झाडापासून बनते त्याची ओळ म्हणजे '१०० टक्के अगावे'. ती नसेल तर कायद्याने त्यात किमान ५१ टक्के साखर अगावेची असली की पुरतं, उरलेली उसाची किंवा मक्याची चालते. बारमध्ये आम्ही त्याला मिक्स्टो म्हणतो. तुमची बाटली तीच आहे.

आता हे मार्गारिटातच इतकं का जाणवतं, ते बघा. ग्लासात निम्मी टकीला असते. तिला झाकायला दूध नाही, मसाला नाही, कोला नाही. लिंबाचं आम्ल तोंड साफ करतं, मीठ कडवटपणा दाबतं, आणि मग मागे जे उरतं ती टकीलाच असते. चांगली असेल तर भाजलेल्या अगावेचा, थोडा मिरीसारखा वास राहतो. मिक्स्टो असेल तर नाकात झोंबणारं स्पिरिट आणि वरून लावलेला व्हॅनिलाचा गोडवा राहतो.

म्हणून आबा, मीठ कडवटपणा दाबतं हे खरं. पण कच्च्या अल्कोहोलची जळजळ ही चव नाही, ते टोचणं आहे. त्याला मिठाने फरक पडत नाही. थर जाड केला तर घोट खारट होईल आणि जळजळ तशीच राहील.

तेव्हा पहिली बदला ती टकीला. १०० टक्के अगावेची ब्लांको घ्या, म्हणजे पांढरी.

मेघा_ग्वादालाहारा
पणजीकरांना अनुमोदन. मी नोकरीमुळे मेक्सिकोतल्या जलिस्कोत राहते. सुट्टीच्या दिवशी टकीला गावाकडे गाडी काढली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळसर-राखी पात्यांची शेतं दिसतात. ही झाडं कापणीला यायला साधारण सहा-सात वर्षं लागतात, कधी जास्त. पाती छाटून आतला गड्डा काढतात, त्याला पिन्या म्हणतात. तो चांगला पन्नास किलोच्या आसपास भरतो, कधी त्याच्याही वर.

चवीतला सगळ्यात मोठा फरक हा गड्डा कसा शिजवला त्यावर ठरतो. जुन्या पद्धतीच्या विटांच्या भट्टीत तो दोन-तीन दिवस वाफेवर हळूहळू शिजतो. बाहेर काढल्यावर तंतू तपकिरी झालेले असतात, चावलं तर उकडलेल्या रताळ्यासारखा गोड रस सुटतो. हीच चव पुढे बाटलीत येते. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, तेच काम काही तासांत होतं, आणि काळजीने केलं तर तेही चांगलं निघतं. तिसरा प्रकार डिफ्यूजरचा. त्यात कच्चा गड्डा पिंजून पाण्याच्या जोराने साखर धुऊन काढतात आणि मग रस शिजवतात. उतारा भरपूर मिळतो, पण भाजलेला वास फारच थोडा. गंमत म्हणजे ही बाटलीसुद्धा '१०० टक्के अगावे' असू शकते.

म्हणजे ती ओळ नसेल तर बाटली नको, पण ती असली म्हणजे टकीला उत्तमच, असंही नाही.

आबा_नाशिक
मग बाटलीवर NOM लिहून चार आकडे असतात तो दर्जाचा शिक्का ना? मुलाने दुबईहून आणलेल्या बाटलीवर बघितला होता. तो असला की खात्रीची, असं ऐकलंय.

मेघा_ग्वादालाहारा
आबा, तो आकडा फक्त कोणत्या कारखान्यात बनली ते सांगतो. मिक्स्टोवरसुद्धा असतो. एकाच कारखान्यातून महाग आणि स्वस्त अशा अनेक नावांच्या बाटल्या निघतात, त्यांच्यावर आकडा एकच. उपयोग एवढाच की एखादी आवडली तर त्याच आकड्याची दुसरी शोधता येते.

केतकी_ठाणे
मला वेगळंच विचारायचंय. मला रक्तदाबाचा त्रास आहे, मीठ कमी करायला सांगितलंय. मी मार्गारिटा मीठ न लावता मागवते, पण मग ती नुसती आंबट लागते. संत्र्याची लिकर जास्त घालायला सांगू का?

पणजीकर
केतकीताई, लिकर वाढवली तर गोड होईल, पण मिठाने होतं ते होणार नाही. दुसरा मार्ग असा: ८० मिली पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत ठेवायचं आणि शेकरमध्ये त्याचे तीन-चार थेंब टाकायचे. चार थेंबांत मीठ ०.०४ ग्रॅमच्या आसपास असतं. काठावरच्या मिठापेक्षा ते फारच कमी. खारट अजिबात लागत नाही, पण लिंबाचा कडवट भाग मागे जातो आणि संत्र्याचा वास वर येतो. हल्ली चांगल्या बारमध्ये मागितलं तर देतात. पण दारूनेही रक्तदाब वाढतो, तेव्हा किती आणि घ्यायची का, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

रानवारा
पणजीकर दादा, टकीला बदलतो. पण चिकट गोडवा कशाने आला? माझी ट्रिपल सेक जुनी नाही, याच महिन्यात उघडली आहे.

पणजीकर
जुनी असण्याचा प्रश्न नाही, ती पातळ आणि गोड आहे. हिशोब मांडून दाखवतो.

धरा ५० मिली टकीला, ४० टक्क्यांची. २५ मिली संत्र्याची लिकर, २५ मिली लिंबू. लिकर क्वान्त्रोसारखी ४० टक्क्यांची असेल तर टकीलातून २० मिली आणि लिकरमधून १० मिली, असं एकूण ३० मिली शुद्ध अल्कोहोल आलं. बर्फात हलवताना साधारण ३० मिली पाणी मिसळतं. म्हणजे १३० मिलीच्या ग्लासात २३ टक्के. थंडगार असूनही अंगात दम असलेलं पेय.

आता तुमची २० टक्क्यांची लिकर घाला. तिच्यातून १० ऐवजी ५ मिली अल्कोहोल आलं, एकूण २५, म्हणजे १९ टक्के. अल्कोहोल कमी झालं की संत्र्याच्या सालीतली सुगंधी तेलंही कमी धरली जातात, कारण ती पाण्यात नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतात. म्हणून स्वस्त ट्रिपल सेकमध्ये वासाची जागा साखर आणि इसेन्स भरून काढतात. तुम्हाला संत्रं कमी आणि पाक जास्त मिळाला. तो चिकटपणा त्याचाच.

आंबट-गोडाचं गणितही बघा. क्वान्त्रोत लिटरला सुमारे २५० ग्रॅम साखर असते, म्हणजे २५ मिलीत सहा ग्रॅमच्या आसपास. २५ मिली लिंबात दीड ग्रॅम आम्ल. ही जोडी आंबटाकडे झुकते. काहींना तशीच आवडते. मला थोडी गोलाई हवी असते, म्हणून मी पाच मिली अगावे सिरप घालतो. त्यातून चार-पाच ग्रॅम साखर येते. पण हे सिरप चांगल्या लिकरबरोबर घालायचं. तुमच्या लिकरला त्याची गरज नाही, तिला उलट १५ मिलीवर आणा.

तळजाईकर
ग्राँ मार्निए घातली तर? घरी पडून आहे, तीही ४० टक्क्यांचीच.

पणजीकर
चालते, पण ती कोन्याकवर बनते. लाकडाचा वास घेऊन येते. ब्लांकोवर ती जड बसते, टकीलाचा हिरवा-मिरी वास मागे पडतो. रेपोसादो असेल तर दोघींचं जमतं. माझी पसंती ब्लांको आणि क्वान्त्रो.

मेघा_ग्वादालाहारा
इथे पणजीकरांशी माझा मतभेद आहे. चांगली टकीला असेल तर मी संत्र्याची लिकर घालतच नाही. सान फ्रान्सिस्कोतल्या टॉमीज रेस्टॉरंटमध्ये हुलियो बेर्मेहो यांनी १९९० च्या सुमारास लिकर काढून तिच्या जागी अगावे सिरप घातलं, तीच पद्धत मी घरी करते: ६० मिली टकीला, ३० मिली लिंबू, १५ मिली सिरप. टकीला समोर येते. इथे घरांमध्ये लोक मार्गारिटापेक्षा पालोमा जास्त पितात, म्हणजे टकीला आणि ग्रेपफ्रूटचा सोडा. खरंच चांगली बाटली असेल तर ती नुसतीच, घोट-घोट.

पणजीकर
मेघाताई, ती उत्तम आहे, पण माझ्यासाठी ती वेगळी वस्तू. संत्र्याच्या सालीचा कडवट सुगंध लिंबू आणि टकीला यांच्यामध्ये पूल बांधतो. तो काढला की पेय सरळ होतं, पण एकसुरी. १९३७ साली लंडनच्या कॅफे रॉयलच्या कॉकटेल पुस्तकात 'पिकाडोर' नावाने टकीला, क्वान्त्रो, लिंबू असंच २:१:१ छापलंय. पुढे नाव बदललं, सांगाडा टिकला, तो त्या संत्र्यामुळे. असो, यावर एकमत व्हायला नको.

डोंगरवाट_सातारा
आमच्याकडे बांधावर घायपात माजलाय. तोच अगावे ना? मग त्यापासून टकीला का नाही होत?

मेघा_ग्वादालाहारा
घराणं तेच, जात वेगळी. टकीला फक्त निळ्या वेबर अगावेपासून आणि मेक्सिकोतल्या ठरलेल्या प्रदेशातच. जलिस्को पूर्ण, आणि आणखी चार राज्यांचे काही भाग. १९७४ पासून तसा कायदा आहे. भारतात आंध्रच्या चित्तूर भागात डेस्मंडजी नावाने दख्खनच्या घायपातापासून स्पिरिट बनवतात, ते टकीला म्हणून विकता येत नाही. चव जास्त हिरवी, गवताकडे जाणारी. घरी गाळायच्या भानगडीत मात्र पडू नका, ते बेकायदेशीर आहे आणि धोक्याचंही.

पणजीकर
गोव्यात पिस्तोला नावाचं असंच देशी स्पिरिटही मिळतं. मार्गारिटात चालतं, पण लिंबू पाच मिली कमी घ्यावं लागतं, असा माझा अनुभव.

रानवारा, लिंबाचं राहिलं. आपलं कागदी लिंबू म्हणजे मेक्सिकोत वापरतात तेच छोटं, पातळ सालीचं, बियांचं लिंबू. अमेरिकेतल्या मोठ्या बिनबियांच्या लिंबापेक्षा ते तीक्ष्ण आणि सुवासिक असतं, तेव्हा आपल्या हातात चांगली वस्तू आहे. पण रस रात्री काढून सकाळी वापरू नका. तो कडवट होत जातो. तुमच्या कडूपणाचा मोठा वाटा तिथे आहे. पाहुणे येण्याआधी दोन-तीन तासांत काढा. आणि पिळताना साल चिरडेपर्यंत दाबू नका, पांढऱ्या भागाचा कडूपणा उतरतो.

मीठ: रोजचं बारीक आयोडिनचं मीठ ओल्या काचेवर पटकन विरघळतं आणि सगळा थर एकदम जिभेवर येतो. सैंधवाचे खडे खलबत्त्यात रव्याएवढे कुटा. काळं मीठ नको, त्याचा गंधकाचा वास सगळं खाऊन टाकतो. ग्लास तिरका धरून लिंबाची फोड फक्त बाहेरच्या कडेवरून, अर्ध्याच गोलावर फिरवा. मग बशीतल्या मिठावर तीच कड हलकेच फिरवा. ग्लास उलटा करून मिठात बुडवला की आतल्या बाजूलाही मीठ लागतं, ते पेयात पडतं, आणि शेवटचा घोट समुद्र होतो. मीठ लावून ग्लास पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, थर कोरडा बसतो.

आबा_नाशिक
अर्धाच का? बारमध्ये तर पूर्ण काठाला असतं.

पणजीकर
म्हणजे ज्याला हवं तो मिठाच्या बाजूने पितो, नको तो दुसरीकडून. शिवाय एकच पेय दोन तऱ्हेने चाखता येतं. पूर्ण काठ आवडणारी माणसंही खूप आहेत, त्यांना मी पूर्णच देतो.

रानवारा
या शनिवारी करून बघितलं. १०० टक्के अगावेची ब्लांको आणली, महाग पडली. लिकर परवडली नाही, तीच जुनी ट्रिपल सेक १५ मिली घेतली. लिंबू ताजं, २० मिली. मीठ सैंधवाचं, अर्ध्या काठाला. शेजारी दुसऱ्या ग्लासात अगदी हेच, फक्त टकीला जुनी सोनेरी.

दोन्ही एकदम थंड होते तेव्हा फरक मला वाटलं होतं तेवढा नव्हता. बायकोला तर ओळखता आला नाही. पण दहा मिनिटांनी सोनेरीच्या ग्लासातून नखपॉलिश रिमूव्हरसारखा वास यायला लागला, आणि मूळ जळजळही तशीच होती. ब्लांकोचा ग्लास जसजसा कमी थंड होत गेला तसतशी चव वाढत गेली. कडूपणा मात्र दोन्हीकडे गेला, म्हणजे तो लिंबाचाच होता.

पणजीकर
अगदी बरोबर बघितलंत. थंडीत वास दबतो, म्हणून स्वस्त टकीला अतिथंड किंवा बर्फ वाटून दिली जाते. १९७१ साली डॅलसमध्ये मारियानो मार्टिनेझ यांनी गोठवलेल्या मार्गारिटाचं यंत्र बसवलं, ते आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्या प्रकारात टकीलाचा दर्जा सहज दिसत नाही, साखरही जास्त लागते.

पुढच्या वेळी बाटली विकत घेण्याआधी बारमध्ये तिचा छोटा पेग मागवा. थोडी तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळा आणि वाळल्यावर वास घ्या. अल्कोहोल उडून गेल्यावर शिजलेल्या अगावेचा वास राहिला तर बाटली घ्या. नुसतं व्हॅनिला किंवा काहीच नाही, तर सोडा. मग १५ मिलीत तितकंच थंड पाणी घालून चाखा. ग्लासात तिची शेवटी अशीच अवस्था होणार असते. पाण्याने चांगली उघडते, वाईट पोकळ होते.

मेघा_ग्वादालाहारा
तळहाताची परीक्षा इथेही करतात. एक भर घालते: सुगंधासाठी आणि गुळगुळीतपणासाठी काही उत्पादक नियमात बसेल एवढं ग्लिसरीन, साखरेचा पाक वगैरे घालतात, आणि एका टक्क्यापर्यंत असेल तर लेबलवर सांगावं लागत नाही. त्यामुळे फार गुळगुळीत, व्हॅनिला-केकसारखी लागली तर मी सावध होते. पण ही चव आवडणारे पुष्कळ आहेत, आणि फक्त जिभेवरून छातीठोकपणे सांगता येतंच असं नाही.

वऱ्हाडी_पाहुणा
लिकरच महाग आहे म्हणता, तर नागपुरी संत्र्याची साल वोडकात भिजवून घरीच केली तर? आमच्याकडे सालीचा काही तोटा नाही.

पणजीकर
करून बघण्यासारखं आहे. एक लक्षात ठेवा: क्वान्त्रोत गोड आणि कडू अशा दोन्ही संत्र्यांच्या साली असतात. नागपुरी संत्रं मँडरिन गटातलं आहे, वास मऊ आणि गोड, त्यात कडू संत्र्याचा तो चरचरीतपणा नसतो. पांढरा भाग खरवडून फक्त वरची केशरी साल घ्या, दोन-तीन दिवसांत गाळून घ्या, जास्त ठेवलं तर कडवट होते. मग लिटरला २०० ते २५० ग्रॅम साखर. वोडका ४२.८ टक्क्यांची असते, पाक जरा घट्ट ठेवलात तर पस्तीसच्या आसपास राहील.

कडू बाजू कशाने आणायची, हे मला अजून नीट जमलेलं नाही. ग्रेपफ्रूटची साल घालून एक मित्र करतो, मला ती जरा वेगळीच लागते.

केतकी_ठाणे
पपनसाची साल?

पणजीकर
पपनस ग्रेपफ्रूटच्याच कुळातलं. सालीत तेल बरंच असतं, पांढरा भाग फार जाड, तो पूर्ण काढावा लागेल. सालीचा एखादा तुकडाच घालून सुरुवात करा, आणि कसं होतं ते इथे कळवा.